अनसूयाबाई आणि मुठीचं घर

माझी पणती अडीच वर्षांची आहे आणि मोबाईलवर आकड्यांची गाणी बघते. परवा तिच्या शेजारी बसून मीही एक पाहिलं. हत्ती नाचत होते, फुगे फुटत होते, मागे इंद्रधनुष्य गरगर फिरत होतं आणि अर्ध्या मिनिटात गाणं वीसपर्यंत पोचलंसुद्धा. पणती आ वासून बघत राहिली. तिनं एक आकडा उच्चारला नाही की बोट हलवलं नाही. मला अनसूयाबाई आठवल्या. त्या म्हणाल्या असत्या, "पोरीला गप्प बसवायला चांगलं हाय. मोजायला नाय."

त्या स्वतः पाचाच्या पुढे जात नसत. नायगावच्या चाळीतल्या त्यांच्या बालवाडीत पाचच मोजायचे. एखादी हौशी आई म्हणाली, की आमची तर शंभरपर्यंत म्हणते, तर बाई तिच्या मुलीपुढे चार चिंचोके मांडायच्या. पोरगी एका दमात नऊ म्हणून मोकळी. "हे म्हणणं झालं," बाई आईला सांगायच्या, "मोजणं वेगळं."

मी तेव्हा वीस वर्षांची होते. गिरगावातून ट्रामनं दादरला जायचे. तिथं एका छापखान्याच्या माडीवर तात्यांचा कार्टून फिल्म बनवण्याचा कारखाना होता. तात्या त्याला स्टुडिओ म्हणत. आम्ही तिघीचौघी मुली माडीच म्हणायचो. तात्या आणि त्यांचे दोन मदतनीस पेन्सिलनं चित्रं काढत. आम्ही ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं गिरवायचो आणि उलट्या बाजूनं रंग भरायचो. सेल्युलॉइडवर घामाचा ठसा उमटू नये म्हणून हातात सुती मोजे, आणि टाक धरता यावा म्हणून त्या मोज्यांची दोन बोटं आणि अंगठा कापलेला. एका सेकंदाला बारा चित्रं लागत; प्रत्येक चित्र फितीवर दोनदा टिपलं जाई, म्हणजे सेकंदाला चोवीस घरं. माझ्या आईला वाटे, मुलगी चित्रकार झाली. खरं म्हणजे मी गिरवणारी होते. समोर जे येईल ते गिरवायचं, विचार करायचा नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. भिंती घोषणांनी भरलेल्या आणि रोज कुठे ना कुठे सभा. अशात तात्यांना एका शिक्षण समितीकडून काम मिळालं: बालवाडीच्या मुलांसाठी दोन मिनिटांची, अंक शिकवणारी, गाण्याची कार्टून फिल्म. तात्यांनी उत्साहानं दहा पोपटांचं गाणं लिहिलं. एकेक पोपट उडून जातो आणि शेवटी फांदी रिकामी. समितीतल्या एका बाईंनी सुचवलं, की आधी हे कुणा बालवाडीवालीला दाखवा. म्हणून तात्या नायगावला गेले आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला वही घेऊन सोबत नेलं.

खोली एकच. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, खाली चटया, कोपऱ्यात पाण्याचा माठ. अनसूयाबाई चाळिशीच्या असतील. काळ्यासावळ्या, सडपातळ, काष्ट्याचं लुगडं, आणि डावा हात कायम पदराखाली. चहा देताना तो बाहेर आला तेव्हा दिसलं: करंगळी नव्हती. गिरणीत असताना यंत्राच्या पट्ट्यात सापडली होती. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं आणि हात परत पदराखाली गेला.

तात्यांनी पोपटांचं गाणं चालीवर म्हणून दाखवलं. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"चाल ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पण पोपट जातात कशाला?"

"वजाबाकीची ओळख व्हावी म्हणून, बाई."

"तीन वर्साच्या पोराला?" बाईंनी विचारलं. मग पलीकडे मुलांना निजवलेल्या चटईकडे हनुवटीनं दाखवलं. "ती कडंची, कुसुम. गोळीबार झाला त्या दिवशी सगळ्यांचे आईबाप पोरं न्यायला धावत आले. शेवटी माझ्याकडं पाच पोरं उरली. बाहेर आरडाओरडा, पोरं दाराकडं पळायला लागली. मी म्हणलं, मुठी मिटा. मुठीत घर हाय. टकटक झाल्याबिगर घरातलं कुणी बाहेर यायचं नाय. गप बसली. मग दारावर टकटक झाली, एकाचा बाप आला. चार राहिली. परत टकटक. तीन. शेवटी ही एकटी राहिली मूठ धरून. तिच्यासाठी टकटक झाली तर आजी आली. बाप आला नाय. कधीच आला नाय."

तात्यांनी कागदाची घडी घातली.

"तवापासनं माझ्या गाण्यात टकटक झाली की कुणी जात नाय," बाई म्हणाल्या. "येतं."

मग त्यांनी ते गाणं मुलांना उठवून, गोल बसवून दाखवलं. मूठ उजवी, टकटक करणारं बोट पदराआडून. मी तिथंच वहीत उतरवलं. ती वही आजही माझ्याकडे आहे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज:

*चित्र: मुलगी समोर बघत बसली आहे. मूठ मिटलेली. मागे काही नाही.*
मुठीच्या घरात कोण कोण?

*चित्र: दुसऱ्या हाताच्या बोटानं मुठीवर तीनदा टकटक.*
टक टक टक, दार उघड!

*चित्र: करंगळी हळूच वर येते. उभी राहते. हलत नाही.*
करंगळी आली, उभी राहिली.
मोजू या?

*चित्र: दुसऱ्या हाताचं बोट करंगळीला टेकतं.*
एक!

*चित्र: मुलगी आपल्याकडे बघते. वाट बघते.*
किती?
(दोन सेकंद शांत)
एक!

दुसऱ्या कडव्यात फक्त एक ओळ बदलते: "शेजारीण आली, उभी राहिली." बाकी तेच. मुठीचं घर तेच, टकटक तीच. मोजताना मात्र पुन्हा पहिल्यापासून: एक, दोन. किती? दोन! मग "लांबुडकं आलं, उभं राहिलं," मग "दाखवणारं आलं," आणि शेवटी "अंगठेबुवा आले, उभे राहिले."

तात्यांना हे फारच कंटाळवाणं वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलं. पुढचे दोन महिने बाई दर शनिवारी दुपारी माडीवर येत आणि दोघांचं भांडण चाले. मी त्या भांडणांची कारकून होते. तात्यांना प्रत्येक कडव्याला नवी चाल हवी होती. बाई म्हणत, "तुम्हाला कंटाळा येतो, पोराला येत नाय. पुढं काय येणार ते ठाऊक असलं की पोर तोंड उघडतं. नवंनवं दाखवलं की नुस्तं डोळं उघडतं." तात्यांनी मागे एक मांजर घातलं. बाईंनी मांजर काढायला लावलं. "पोरं मांजर मोजतील." तात्या म्हणाले, अंगठा आधी येऊ द्या, दिसायला ठळक. बाईंनी मूठ करून दाखवली: अंगठा बाकीच्यांना दाबून धरतो, तो आधी सुटला तर लहानग्यांची सगळी मूठच सुटते. तात्यांनी स्वतःची मूठ मिटून उघडून पाहिली आणि हूं केलं.

सर्वांत मोठं भांडण झालं त्या दोन सेकंदांवरून. गाणं आधी बाईंच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं होतं. कोणता शब्द कितव्या चित्रावर पडतो याचा तक्ता तात्या आखत होते. 'किती?' नंतर अठ्ठेचाळीस घरं कोरी राहिली. "पडद्यावर दोन सेकंद म्हणजे काय असतं माहीत आहे?" तात्या ओरडले. "लोकांना वाटेल मशीन बंद पडलं!"

"ती जागा पोरांची हाय," बाई म्हणाल्या. "त्येंनी 'दोन' म्हणायचं. शेवटचा आकडा म्हणजेच सगळी मिळून किती, हे पोराला आपोआप कळत नाय, तात्या. पाच चिंचोके मोजतं, अन् किती म्हणलं की परत पहिल्यापासनं मोजाय लागतं. ते कळायला येळ लागतो. तो येळ द्या."

अठ्ठेचाळीस घरं कोरी राहिली. तात्या हट्टी होते, पण प्रामाणिक होते.

एकदा त्यांनी विचारलं, चित्रातल्या मुलीची कोणती मूठ? "डावी," बाई लगेच म्हणाल्या. "पोरं आरशासारखी करतात. समोरची डावी मूठ धरील तर पोरं उजवी धरतील." तात्या म्हणाले, "पण तुम्ही तर उजवी धरता." बाईंनी डाव्या हातावरचा पदर सारखा केला. मला तेव्हा लक्षात आलं, की त्यांच्या बालवाडीतली झाडून सगळी मुलं डाव्या हातावर का मोजतात. बोलण्याचं माझं कामही नव्हतं आणि धीरही.

फिल्म तयार झाली. समितीला दाखवायच्या आधी बाईंच्या मुलांना दाखवायची, हे बाईंनी पहिल्या दिवशीच कबूल करून घेतलं होतं. चार दिवस हाती होते. भर दुपारी आम्ही खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर पांढरं लुगडं ताणलं आणि तात्यांनी आणलेला प्रोजेक्टर माठाच्या तिवईवर ठेवला. मुलं चटईवर. बाई भिंतीला टेकून उभ्या.

मुलगी पडद्यावर आली. मूठ मिटली. टकटक झाली. पहिल्या कडव्याला मुलं नुसती बघत होती. दुसऱ्याला दोघांतिघांनी मूठ धरली. तिसऱ्या कडव्याला 'किती?' आलं आणि त्या कोऱ्या दोन सेकंदांत सगळी खोली ओरडली, "तीन!" तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही असावं. मुठीचं ते मोठं चित्र तात्यांनी स्वतः काढलेलं होतं. एक एक बोट वर येत पाचवा अंगठाही उभा राहिला. "पाच!"

मग शेवटचं दृश्य. पूर्ण मुलगी उभी राहते, डावा हात उंच करते, पंजा पसरते, आणि गाणं म्हणतं: "मुठीच्या घरात पाच जणं, पाच जणं, पाच!" मुलांनी उजवे हात उंच केले. पाच बोटं, ताणलेली.

आणि पुढे बसलेल्या कुसुमनं पडद्याकडे बघत आपली करंगळी हळूच दुमडली.

मला काही कळेना. तिच्या शेजारच्या मुलीनं कुसुमकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि तिनंही करंगळी दुमडली. मग तिसऱ्यानं. बघता बघता सगळ्या हातांवर चारच बोटं उभी होती आणि मुलं आनंदानं गात होती: पाच जणं, पाच!

मी पडद्याकडे बघितलं. मुलीच्या पंजाला चारच बोटं होती.

कारण सांगितलं तर हसू येईल. कार्टूनच्या माणसाच्या हाताला चारच बोटं काढायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. तीन बोटं आणि अंगठा. पाच काढली तर हात केळीच्या घडासारखा दिसतो, असं तात्या म्हणत. शिवाय प्रत्येक चित्रामागे एक बोट वाचतं. मुठीचं चित्र मोठं म्हणून तात्यांनी जातीनं काढलं. पूर्ण मुलीची चित्रं मात्र मदतनिसांनी नेहमीच्या सवयीनं काढली, आम्ही नेहमीच्या सवयीनं गिरवली. त्यातली निम्मीअधिक मी गिरवली होती. पाच म्हणणाऱ्या त्या पंज्याला कितीदा रंग भरला असेन, आणि एकदाही मोजलं नाही. चार वर्षांच्या पोरीनं मोजलं.

"बाईंसारखा हात!" कुसुम म्हणाली. कौतुकानं म्हणाली.

फीत संपून तिचं सुटं टोक फटफट करायला लागलं. बाईंचा डावा हात पदराखालीच होता. मुलांना तो कधी दिसत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांचा चेहरा मी आजवर विसरले नाही. रागही नव्हता त्यावर. उघडं पडल्यासारख्या त्या उभ्या होत्या.

मुलं घरी गेल्यावर तात्यांनी हात जोडले. चूक कशी झाली ते सगळं सांगितलं. मग म्हणाले, "पण बाई, जगभर असंच काढतात. समितीच्या कुणाच्या ध्यानात येणार नाही. शेवटचं दृश्य नव्यानं काढायचं तर शंभरएक चित्रं आहेत. कोरं सेल्युलॉइड शिल्लक नाही. चार दिवसांत होणार नाही, आणि तारीख चुकली तर फिल्म हातची जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

"बाई—"

"चार बोटांचा हात असतो, तात्या. माझा हाय. त्याची मला आता लाज नाय वाटणार, पोरीनं आज ती काढून टाकली. पण त्या हाताला पाच म्हणायचं नाय. आज पोरांनी काय केलं बघितलंत? पाच माहीत असलेल्या पोरांनी एक बोट मुडपलं. पडदा सांगतो म्हणून. उद्या मोठी झाल्यावर कुणी चार दाखवून पाच म्हणलं तर ती गप मान डोलवतील. मला अशी पोरं नाय बनवायची. गाणं माझं हाय. पाच बोटं नसतील तर मी ते देणार नाय."

तात्या बराच वेळ प्रोजेक्टरच्या भिंगावरची धूळ पुसत बसले. मग मला म्हणाले, "मालू, पहिल्या कडव्याची सेल्युलॉइडं कुठं आहेत? चित्रण झालेलं आहे त्यांचं. धुऊन काढा."

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर अनसूयाबाई माडीवर हजर. कोरी सेल्युलॉइडं मिळत नसल्यानं जुन्यांवरचा रंग कोमट पाण्यात कापसानं उतरवावा लागतो, तेही ओरखडा न पडू देता. दोन्ही हातांचं काम. बाईंनी पदर खोचला, घंगाळापुढे बसल्या आणि डावा हात पाण्यात घातला. आम्ही मुली एकमेकींकडे बघत होतो. "बघा, बघा," त्या म्हणाल्या. "एकदा बघून घ्या, मंग कामाला लागा." आम्ही हसलो आणि कामाला लागलो.

चार दिवस त्या रोज आल्या. तात्यांना पाच बोटांचा पसरलेला पंजा जमेना. खरंच केळीचा घड होई. मग ते माझा हात समोर धरायला लावत. बाई धुता धुता मान वर करून सांगत, "अंगठा जरा खाली. पोराचा अंगठा येवढा ताठ नसतो." पाचव्या सकाळी ओल्या फितीसकट फिल्म समितीपुढे गेली आणि मंजूर झाली. कितीतरी बालवाड्यांत ती दाखवली गेली. फिल्मच्या सुरुवातीला येणाऱ्या अक्षरांत तात्यांचं नाव होतं, बाईंचं नव्हतं. मी चिडून त्यांना सांगायला गेले.

"पोरांना वाचाय येतं का?" त्या म्हणाल्या. "मंग कुणासाठी लिवायचं?"

मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पुढे माझं लग्न झालं, माडी सुटली. बाईंना मी शेवटचं बघितलं ते महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास. सकाळी परळच्या नाक्यावर मिरवणूक चालली होती; ढोल, गुलाल, गिरण्यांतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मी कडेवर माझी मुलगी घेऊन उभी होते. समोरच्या फुटपाथवर अनसूयाबाई दिसल्या. केस पांढरे व्हायला लागलेले. बालवाडीची पोरं त्यांनी भिंतीला लावून बसवली होती, गर्दीत कुणी हरवू नये म्हणून. त्यांच्याजवळ सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती, दोन वेण्या घातलेली. मी कुसुमला ओळखलं.

एवढ्या गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं. दिसत तेवढं होतं. पोरं बिथरली होती. बाई त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि मूठ धरली. डावी मूठ. समोरच्या पोरांनी उजव्या मुठी धरल्या. बाईंनी मुठीवर टकटक केली. मी बघत राहिले. पहिलं बोट करंगळी. ती कुठून येणार?

कुसुम पुढे झाली. तिनं आपली करंगळी बाईंच्या मुठीला, त्या रिकाम्या जागी लावली आणि उभी धरली.

पोरांची तोंडं एकदम उघडली. ऐकू आलं नाही, पण ती 'एक' म्हणाली हे मला दिसलं.

मग शेजारीण आली, लांबुडकं आलं, दाखवणारं आलं, अंगठेबुवा आले. बाईंनी मोजायला सुरुवात केली, पुन्हा पहिल्यापासून, कुसुमच्या बोटापासून. माझ्या कडेवरच्या मुलीनं रस्त्याच्या या बाजूनं आपला पंजा उघडला. मी तिची बोटं मोजली. पाच होती.